खिंडीतून आलेली नोंद

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर स्टीलच्या मोठ्या टाक्या असतात. दोन्ही वेळचं दूध त्यात ओतायचं आणि कॉम्प्रेसर लावून थंड ठेवायचं. कॉम्प्रेसर बंद पडला की काही तासांत दूध नासतं आणि अख्ख्या गावाची मेहनत गटारात जाते. या टाक्यांच्या दुरुस्तीचं काम जालन्यात नरहरराव घेत. जुन्या एमआयडीसीत त्यांचं एक गोदाम होतं, चार मेकॅनिक होते आणि ऑफिसात शैला होती.

शैला तेव्हा चाळिशीला आलेली. गावांहून येणाऱ्या तक्रारी घेणं, त्या मेकॅनिकांना वाटून देणं, काम झालं की नाही याची खबर ठेवणं, हे सगळं ती एकटी बघायची. पूर्वी हे फोनवर चाले. डोंगराकडच्या गावांत फोन लागत नसे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कोण कुठे आहे याचा पत्ता नसे. मग दोन हजार आठ साली नरहररावांनी प्रत्येकाला एकेक मोबाईल दिला. त्या मोबाईलमध्ये कामाचा एक प्रोग्रॅम होता.

सकाळी रेंजमध्ये असताना मेकॅनिकनं तो उघडायचा, की दिवसभराची तिकिटं फोनमध्ये उतरत. एक तक्रार म्हणजे एक तिकीट. मग रेंज गेली तरी अडत नसे. केंद्रावर पोहोचल्यावर 'पोहोचलो', हात घातला की 'काम सुरू', झालं की 'काम पूर्ण' असं दाबायचं. फोन स्वतःच्या घड्याळातली वेळ लावून ती नोंद आपल्यापाशी ठेवी आणि तिच्यापुढे एक लहानसा बाण दाखवी. म्हणजे अजून गेलेली नाही. प्रोग्रॅम बंद न करता मागे चालू ठेवला, तर फोन दर थोड्या वेळानं आपणहून प्रयत्न करी. रेंज मिळाली की साठलेल्या नोंदी ओळीनं जात आणि बाणाच्या जागी बरोबरची खूण येई.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या नोंदी शैलाला दिसत. सगळ्यात ताजी आलेली सगळ्यात वर, आणि तिच्यासमोर ती ऑफिसात आली ती वेळ. प्रत्यक्ष काम किती वाजता झालं ते बघायचं तर तिकीट उघडावं लागे. रोजच्या घाईत ते कोण उघडणार? काम झालं एवढं कळलं की पुरे.

चौघांत बद्रीनाथ सगळ्यात जुना. भोकरदनला राहायचा. बायको पुष्पा आणि दोन मुलं. गावाकडे भावाबरोबर सामाईक शेती होती, पण त्याचा जीव मशिनीत. टाकीला कान लावून तो कॉम्प्रेसरची धाप ऐके, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढी. अजिंठ्याच्या डोंगराकडची सगळी केंद्रं त्याच्याकडे होती. तिकडे रेंज कमी, त्यामुळे त्याच्या नोंदी नेहमी एकदम येत. तासन्‌तास काही नाही, आणि मग एखाद्या चढावर त्याची मोटरसायकल आली की चार-पाच नोंदी भराभर पडत. शैलाला आता ते पाठ झालं होतं. नोंदी आल्या की ती मनात म्हणे, चला, बद्रीभाऊ वर आले.

एकदा पंक्चर होऊन एक मेकॅनिक रात्रभर माळावर अडकला होता. तेव्हापासून नरहररावांनी नेम केला होता की दुपारनंतर ज्याची एकही नोंद नाही, त्याच्या शोधात सहाच्या सुमाराला जवळच्या मेकॅनिकनं निघायचं. कोणी निघायचं हे शैलानं ठरवायचं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. थंडी होती. बद्रीनाथनं त्या दिवशी चार तिकिटं घेतली. पहिली दोन पिंपळगाव रेणुकाईच्या आसपासची होती, ती बाराच्या आत उरकली आणि त्यांच्या नोंदीही आल्या. तिसरं लिंबखेड्याचं. हे गाव डोंगराच्या खोबणीत, तिथे फोन म्हणजे नुसता घड्याळापुरता. चौथं बोरखडीचं. लिंबखेड्याहून बोरखडीला डांबरी रस्ता होता, पण लांबचा. दुसरी एक गाडीवाट ओढ्यातून जाऊन खिंडीत चढे आणि पलीकडे उतरे. सगळ्या वाटेत खिंडीतच तेवढी रेंज.

साडेपाचला पुष्पाचा फोन आला.

"ताई, हे कुठवर आले? दुपारपासून फोन लागून न्हाई राह्यला."

"लिंबखेड्याला आहेत, पुष्पा. तिथे रेंज नसते, तुला माहितीये ना."

"ते माहीत हाये. पण आज पाचपर्यंत येतो म्हणले होते. धाकट्याला दवाखान्यात न्यायचं होतं."

"मी बघते. काही कळलं की फोन करते."

शैलानं कॉम्प्युटरवर पाहिलं. दुपारनंतर बद्रीनाथची एकही नोंद नव्हती. सव्वासहा झाले तसा तिनं सर्जेरावला फोन केला. सर्जेराव भोकरदनचाच, बद्रीनाथच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. तो नुकताच घरी येऊन चहा पीत होता.

"निघतो मी," तो म्हणाला. "लिंबखेड्यापर्यंत जातो आन त्या वाटेनं बोरखडी बघून येतो. बॅटरी घेतो बराबर."

त्यानं स्वेटर चढवला, गाडी बाहेर काढली. तो पेट्रोल पंपापर्यंत पोहोचला असेल-नसेल, तोच इकडे शैलाच्या समोर यादी हलली. बद्रीनाथच्या तीन नोंदी एकामागून एक आल्या. लिंबखेडा, पोहोचलो. लिंबखेडा, काम सुरू. लिंबखेडा, काम पूर्ण. तिन्हींच्या समोर साडेसहाची वेळ.

शैलानं खुर्चीला पाठ टेकली. तिनं बद्रीनाथला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे खिंड ओलांडून पलीकडे उतरले असणार, नेहमीसारखे. तिनं सर्जेरावला फोन केला.

"जाऊ नका. आला तो. लिंबखेड्याचं काम पूर्ण झालंय, आत्ताच नोंद पडली. आता बोरखडीकडे उतरला असेल."

"नक्की ना?"

"माझ्यासमोर आहे. साडेसहाला आलीये."

"मंग ठीक हाये," सर्जेराव म्हणाला आणि पंपावरूनच मागे वळला.

मग तिनं पुष्पाला कळवलं. "काळजी करू नकोस. काम झालं त्यांचं. बोरखडीचं एक राहिलंय. उशीर झाला तर तिथेच मुक्काम करतील, मागे केला होता तसा."

"बरं झालं ताई. माझ्या जिवात जीव आला," पुष्पा म्हणाली.

शैलानं कॉम्प्युटर बंद केला आणि ती घरी गेली.

खिंड ओलांडून पलीकडे उतरला होता तो बद्रीनाथ नव्हता. उतरला होता भिवा.

भिवाची वस्ती खिंडीच्या पलीकडे शेतात होती. तीन म्हशी होत्या. दूध लिंबखेड्याला घालायचा आणि येताना पेंड आणायचा. त्या दिवशी तो दुपारीच लिंबखेड्याला गेला होता. तिथे मेव्हण्याकडे बसला, आणि दिवस मावळताना गाडीवाटेनं परत निघाला. गाडीला दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या, मागे पेंडेचं पोतं. ओढ्यावरच्या मोरीपाशी त्याला एक लहान काळी पिशवी दिसली. कठड्याच्या दगडाला तिचा पट्टा अडकलेला होता. त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. इकडे-तिकडे बघितलं. "कोणाची हाये रे?" असं एकदा मोठ्यानं विचारलं. ओढ्यात अंधार साचला होता. कोणी उत्तर दिलं नाही. पिशवीत मोबाईल होता, एक टेस्टर होता. कोणाची तरी जाता जाता पडली असेल, उद्या लिंबखेड्याच्या केंद्रावर देऊन टाकू, असा विचार करून त्यानं ती किटलीच्या कडीला अडकवली आणि गाडी चालू केली. खिंडीत फोनला रेंज मिळाली. फोननं आपलं काम केलं. भिवाला त्याचा पत्ताही लागला नाही. मिनिटा-दोन मिनिटांत तो पलीकडे उतरला आणि फोन पुन्हा गप्प झाला.

बद्रीनाथ मोरीच्या खाली होता.

त्यानं लिंबखेड्याचं काम पावणेचारला संपवलं होतं. मोरीवर कुणीतरी खडीचा ढीग टाकून ठेवला होता, त्यातली खडी वाटेवर पसरली होती. पुढचं चाक सरकलं. गाडी कठड्याच्या तुटक्या बाजूनं खाली गेली आणि त्याच्या डाव्या पायावर पडली. पिशवीचा पट्टा वरच अडकून तुटला. अवजारांची मोठी पिशवी गाडीबरोबर खाली आली, पण फोन त्या लहान पिशवीत होता. खराब रस्त्यावर खिशातून फोन उडतो म्हणून तो पिशवीतच ठेवायची त्याची सवय. अर्थात फोन हाताशी असता तरी ओढ्यात रेंज नव्हती.

तो मधूनच शुद्धीवर येई, मधूनच बेशुद्ध होई. किटल्यांचा आवाज त्यानं ऐकला होता. गाडी थांबलेली कळली होती. "कोणाची हाये रे" हेही त्यानं ऐकलं. हाक मारायची म्हणून त्यानं तोंड उघडलं. घसा इतका सुकला होता की नुसता वारा बाहेर आला. मग किटल्या वाजत वाजत चढाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला पुष्पानं शैलाला घरच्या नंबरवर फोन केला.

"ताई, ते रात्री आले न्हाईत. मुक्काम केला तरी ते पहाटे निघतेत, खिंडीत आले की फोन करतेत. अजून न्हाई आला."

शैलानं रिसीव्हर ठेवला. तिनं साडी बदलली नाही, चहा घेतला नाही. रिक्षा करून ती ऑफिसात आली, कुलूप काढलं, कॉम्प्युटर लावला. लिंबखेड्याची तिसरी नोंद तिनं उघडली. आत दोन वेळा होत्या. आलेली, साडेसहा. फोनमधली, पावणेचार.

ती त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. पावणेचारला काम झालं. लिंबखेड्याहून खिंड म्हणजे मोटरसायकलनं फार तर अर्धा तास. मग फोनला रेंज मिळायला साडेसहा का वाजले? आणि तिथून बोरखडी उताराची पंधरा मिनिटं, तर बोरखडीचं 'पोहोचलो' कुठे आहे? रेंज नव्हती म्हणून नोंद आली नसेल, हे तिचं तिलाच पटेना. मधल्या पावणेतीन तासांत माणूस कुठे होता?

तिनं सर्जेरावला फोन लावला.

"सर्जेराव, लिंबखेडा ते खिंड. डांबरीनं जाऊ नका, ओढ्याची वाट धरा. पावणेचारला तो लिंबखेड्याहून निघालाय. मी काल चुकीचं सांगितलं."

सर्जेरावनं लगेच गाडी काढली. त्यानं वाटेत एक ओळखीचा जीपवाला उठवला आणि त्याला मागोमाग यायला सांगितलं.

लिंबखेड्याच्या केंद्रावर सकाळचं दूध घालायला रांग लागली होती. सचिव तातेराव टाकीपाशी उभे होते. सर्जेरावनं विचारलं तसे ते म्हणाले, "काल चारच्या आतच गेला की. चहा पी म्हणलं तर बोरखडीला टाकी बंद हाये म्हणला, जल्दी जायचंय." त्याच वेळी भिवा किटल्या घेऊन आला. त्याच्या हातात काळी पिशवी होती.

"ही काल मोरीवर घावली," तो तातेरावांना सांगू लागला. सर्जेरावनं ती ओळखली. त्यानं पिशवी हातातून घेतली आणि विचारलं, "मोरीवर? मोरीच्या खाली बघितलं का?"

भिवाचं तोंड उतरलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग किटल्या तशाच रांगेत ठेवून तो सर्जेरावच्या मागे बसला.

बद्रीनाथ जिवंत होता. ओठ काळे पडले होते, हात बर्फासारखे. गाडी उचलायला तिघे लागले. भिवानं आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. खिंड येईपर्यंत तो एकच वाक्य बोलत राहिला, "मी उभा होतो न भाऊ, मी तिथंच उभा होतो." खिंडीत रेंज मिळाल्यावर सर्जेरावनं शैलाला फोन केला. सापडला, जिवंत आहे, पाय गेलाय असं वाटतंय, औरंगाबादला नेतोय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखालून काढला.

नरहरराव आणि शैला त्या दिवशी दवाखान्यातच होते. डॉक्टर नरहररावांशी व्हरांड्यात बोलत होते. पायाचं रक्त फार वेळ बंद राहिलं, ते म्हणाले. पडला त्याच संध्याकाळी आणला असता तर कदाचित वाचवता आला असता. नक्की सांगता येत नाही. कदाचित. शैला चार पावलांवर होती. तिनं ते ऐकलं. नरहररावांनी वळून पाहिलं, त्यांना कळलं की तिनं ऐकलं.

पुष्पा जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. शेजारी तिची सासू साळूबाई, भिंतीला टेकून डोळे मिटलेली. शैला पुष्पाच्या पलीकडे बसली.

"पुष्पा, सर्जेराव त्या संध्याकाळी निघाले होते," शैला म्हणाली. "पंपापर्यंत गेले होते. मी त्यांना परत फिरवलं."

"माहीत हाये मला. ते सांगून गेले."

"नोंद आली म्हणून मला वाटलं बद्रीभाऊच आले. उघडून वेळ बघायला हवी होती. एका मिनिटाचं काम होतं."

पुष्पा पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"तुमचा फोन आला न ताई," ती म्हणाली, "तवा मी पोरांना जेवायला वाढलं. मी बी जेवले. भाकरी गरम होती म्हणून एक जास्तीची खाल्ली. मंग निजले. इतकी गाढ निजले मी. न्हाई तर ते आले न्हाईत की मला झोप लागत न्हाई कधी." तिनं बोट सोडवलं. "ते तिथं ओढ्यात पडलेत आन मी गाढ निजून राह्यले. हे कोणाला सांगू मी?"

शैलानं पुष्पाच्या हातावर हात ठेवला. पुष्पानं तो झिडकारला नाही, आणि धरलाही नाही. साळूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "पोरींनो, पाणी प्या दोघी."

शैला जालन्याला परतली ती सरळ नरहररावांच्या टेबलापाशी गेली. नोकरी सोडते म्हणाली. नरहररावांनी चष्मा काढून पुसला.

"सोडून काय होईल? तुझ्या जागी दुसरी कोणी बसेल. तिच्यासमोरही तेच येईल, साडेसहा. ती पण म्हणेल आला."

"मग ते बदलायला पाहिजे."

"मग बदल. तू गेलीस तर ते कोण सांगणार?"

तिनं प्रोग्रॅम करणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. यादीतच दोन्ही वेळा शेजारी शेजारी दिसायला हव्यात, काम झालं ती आणि नोंद आली ती. दोन्हींत तासापेक्षा जास्त अंतर असेल तर ओळ लाल व्हायला हवी. तो म्हणाला बघतो, महिना लागेल. महिन्याचे तीन झाले. तोवर शैला प्रत्येक तिकीट उघडून वेळ बघू लागली. आणि तिनं एक नेम घातला, तो चौघांनाही सांगितला. नोंद आली म्हणजे फोन रेंजमध्ये आला, एवढंच. माणूस घरी आला असं आवाज ऐकल्याशिवाय धरायचं नाही. दिवसाच्या शेवटी प्रत्येकानं रेंजमध्ये आल्यावर तिला फोन करायचा, आणि फोन येईपर्यंत ती ऑफिस बंद करणार नाही. एखाद्याचा फोन राहिला तर आठ वाजेपर्यंतही ती बसे. मेकॅनिक कुरकुरले नाहीत. सर्जेरावला तर त्या पंपावरून मागे वळल्याचं इतकं लागलं होतं, की तो दिवसातून दोनदा फोन करी.

पावसाळा गेल्यावर बद्रीनाथ ऑफिसात आला. नवा पाय बसवला होता. पँट खाली सोडलेली, पायात बूट, हातात काठी. भोकरदनहून एसटीनं एकटाच आला होता. नरहररावांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ऑफिसात जागा आहे, गावांचे फोन घ्यायचे आणि नव्या पोरांना अडलं की फोनवर सांगायचं. बद्रीनाथ दोन महिने हो-नाही करत राहिला होता.

शैलानं त्याच्यासाठी दुसरी खुर्ची आणली. तो बसला, काठी टेबलाला टेकवून ठेवली. त्याच्यासमोर कॉम्प्युटरवर यादी उघडी होती. ती तो इकडच्या बाजूनं पहिल्यांदाच बघत होता.

"हे असं दिसतंय व्हय इथून," तो म्हणाला. "मला वाटायचं आमचं सगळं दिसत असंल तुम्हाला."

"नाही. एवढंच दिसतं."

तो ओळी वाचत राहिला. शैला उभीच होती. महिनोन्‌महिने मनात घोळवलेलं वाक्य तिनं सुरू केलं, "बद्रीभाऊ, त्या संध्याकाळी मी..."

"ताई," तो म्हणाला, "पुष्पानं सांगितलं मला सगळं. भिवा बी येऊन गेल्ता घरी. दोनदा. एकदा तूप घेऊन आल्ता. मी त्याला म्हणलं, बाबा, तू नसता उचलला फोन, तर सर्जेरावला मोरी कोणी दाखवली असती? अन त्यानं उचलला म्हणूनच सर्जेराव रात्री आला न्हाई. दोन्ही खरंय. मी पडून पडून लई हिशोब लावला त्याचा. सुटत न्हाई. मला राग न्हाई आला असं न्हाई. आल्ता. तुमचा बी आल्ता. रात्री खाज सुटते, नसलेल्या पायाला, तवा अजून येतो. खोटं कशाला बोलू? पण त्याचं करू काय मी?"

शैला खाली बसली. तिला वाटलं होतं एक तर तो माफ करेल, नाही तर करणार नाही. हे तिसरंच होतं. पण खरं होतं, आणि ते ऐकून तिला कितीतरी दिवसांनी धड श्वास घेता आला.

"चहा सांगू?" तिनं विचारलं.

"सांगा. साखर कमी."

चहा येईपर्यंत तिनं त्याला यादी कशी वाचायची ते दाखवलं. कुठली वेळ कामाची, कुठली नोंद यायची, ओळ लाल कधी होते. तो एका बोटानं बटणं दाबत होता, हळूहळू, पण चुकत नव्हता. तिकीट उघडून तो आधी काम झालेली वेळ बघे, मग मनातल्या मनात रस्ता मोजे. "ह्याला इथून तिथं इतका वेळ न्हाई लागत," असं एका नव्या मेकॅनिकबद्दल म्हणाला आणि त्यानं आपणहून फोन उचलला. तो पोरगा धाब्यावर जेवत होता.

साडेअकराच्या सुमाराला पिंपळगावकडच्या एका केंद्रावरून फोन आला. टाकी थंड होईना. बद्रीनाथनं तो घेतला. पलीकडच्या माणसानं आवाज ओळखला.

"बद्रीनाथ का? अरे, कसा हायेस? लई दिवस झाले. येतोस काय?"

बद्रीनाथनं रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला घेतला.

"फोन टाकीपाशी नेता येतो का? न्या. कॉम्प्रेसरजवळ धरा. हां, तसाच ठेवा."

त्यानं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. शैलानं खिडकीतला पंखा बंद केला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "चालू व्हायला बघून राह्यलाय पण होत न्हाई. कपॅसिटर गेलाय बहुतेक. बटण बंद करून ठेवा, जळंल न्हाई तर. माणूस पाठवतो."

"तू न्हाई येत?"

"न्हाई. दुसरा येतोय. चांगला हाये."

त्यानं फोन ठेवला. शैलानं नवं तिकीट काढलं, केंद्राचं नाव घातलं, आणि तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून त्याच्याकडे पाहिलं. तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली.